अनसिंगचे उलटे अंगठे

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. भाजीबाजारात टोपलीतलं वरचं टमाटर मी कधी उचलत नाही, खालचा थर हलवून पाहते. नवरा म्हणतो, "तुले देवानं प्रसाद देल्ला तरी तू आधी वास घेशील." घेईन. काय बिघडलं त्यात?

हा स्वभाव घरात नडतो, पण नोकरीत कामी आला. वाशीमला शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, तिथं मी कामाला आहे. कंपनीनं भाजीपालावाल्यांसाठी फोनवर सल्ला देणारं यंत्र सुरू केलं. प्रश्न लिहून पाठवा नाहीतर बोलून पाठवा, यंत्र उत्तर देतं. उत्तराखाली दोन खुणा असतात, सरळ अंगठा आणि उलटा अंगठा. उलटा दाबला की यंत्र विचारतं, काय चुकलं? ज्याला वाटेल तो सांगतो.

आता ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की लोकांनी अंगठे दाबले की यंत्र आपोआप शहाणं होतं. काही होत नाही. यंत्राला प्रत्येक प्रश्नासोबत आमच्या सूचना जातात: तू कुणाशी बोलतोस, कोणत्या कागदांतून उत्तर द्यायचं, काय सांगायचं नाही. त्या सूचनांना सगळे प्रॉम्प्ट म्हणतात. अंगठे येतात माझ्याकडे. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर गेलं आणि त्यावर कोण का चिडलं, हे मी वाचायचं, सारख्या तक्रारींचे ढीग लावायचे आणि मग प्रॉम्प्टमध्ये कुठली ओळ घालायची ते ठरवायचं. एका वेळी एकच बदल. जुन्या प्रश्नांचा एक संच ठेवलाय, तो बदलानंतर पुन्हा चालवायचा आणि आधी बरोबर येणारं काही बिघडलं तर नाही ना, ते पाहायचं. मगच नवा प्रॉम्प्ट गावांत सोडायचा.

सुरुवातीला उलट्या अंगठ्यांनी मला खूप हसवलं. एका बाईनं विचारलं, सांबार पिवळा पडून राह्यला, काय करू? यंत्रानं तिला डाळ कशी शिजवायची ते सांगितलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? प्रॉम्प्टमध्ये इकडच्या शब्दांची एक छोटी यादी घातली, काम झालं. दुसरा ढीग मोठा होता. यंत्र औषधाचं प्रमाण हेक्टरी सांगायचं. फवारणारी बाई पाठीवर पंप घेऊन उभी, ती हेक्टर कुठं मोजत बसेल? ओळ घातली: फवारणीचं प्रमाण पंपामागे सांग, पंप किती लिटरचा ते माहीत नसेल तर आधी विचार.

पण प्रत्येक उलट्या अंगठ्यापुढं मान तुकवायची नसते. फवारल्यावर अमुक दिवस तोडा करू नका, असं यंत्र सांगायचं, आणि त्याच्याखाली ठरलेला उलटा अंगठा. "उद्या बाजार हाये, थांबू कशी?" उत्तर बरोबर, राग परिस्थितीवर. ती ओळ काढली असती तर अंगठे सरळ झाले असते आणि औषध लोकांच्या ताटात गेलं असतं. मी ती ओळ ठेवली. फक्त एवढं जोडलं की थांबायचं कारण सांग, आणि कमी दिवस थांबावं लागणारं औषध कागदात असेल तर ते आधी सुचव.

हे सगळं शिकवणारे उलटे अंगठे बहुतेक एकाच बाजूनं येत होते, अनसिंगकडून. त्या भागात गावोगाव फिरून लोकांना यंत्र वापरायला शिकवणारी आमची एक बाई आहे. माझ्याच वयाची, अनसिंगचीच सून. पहिल्या दिवसापासून माझ्याशी अगं-तुगं. ही नोकरी लागल्यावर तिनं पोरीचं नाव वाशीमच्या शाळेत घातलं. सकाळी स्कूटीवर पोरीला मागं बसवून आणायची, शाळेत सोडायची, ऑफिसात तोंड दाखवून गावांकडे वळायची. सासरच्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: तुही नोकरी हाये तवर पोरीची वाशीमची शाळा, नोकरी गेली की दोघीबी घरी. हे तिनं मला हसत सांगितलं होतं, पण ती हसण्यावारी नेण्यातली गोष्ट नव्हती.

मग साहेबांनी भिंतीवर टीव्हीसारखा पडदा लावला. साहेब म्हणजे आमचे प्रकल्पाचे मुख्य, बाहेरून आलेले, माणूस वाईट नाही पण रंगांवर फार विश्वास. पडद्यावर गावं दिसायची. जिथं सरळ अंगठे जास्त तिथं हिरवा, जिथं उलटे जास्त तिथं लाल. मंगरूळपीरकडचा सगळा भाग हिरवागार, पावसाळ्यातल्या बांधासारखा. अनसिंग लालभडक.

फेब्रुवारीत साहेबांनी मला आत बोलावलं. "मॅडम, मार्चमध्ये सगळ्यांचे करार नव्यानं व्हायचे आहेत. निधी देणारे लोक हा पडदा पाहणार. यंत्र एकच, उत्तरं तीच, मग अनसिंगमध्येच लोक नाराज का? मला वाटतं ती बाई मुद्दाम उलटे अंगठे दाबायला लावते. तुम्ही जरा बघा. तसं असेल तर तिचा करार पुढे नेता येणार नाही."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. मैत्रीण असली म्हणून काय झालं? कदाचित तिला साहेबांवर राग असेल. कदाचित तिचा कुणी नातेवाईक फवारणीच्या औषधाच्या दुकानात बसत असेल आणि यंत्र नावडतं ठरावं असं त्याला वाटत असेल. मी तिला न सांगता बसनं अनसिंगला गेले आणि तिथून विचारत विचारत ती ज्या मळ्यात होती तिथं पोचले.

वांग्याच्या कडेला चार बाया बसल्या होत्या, ही मधे. एका बाईच्या फोनवर उत्तर आलं होतं. हिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "समजलं का?" बाई म्हणाली, "समजलं, पर हे आमाले जमत नाई." "काहून नाई जमत?" "आमच्याकडं ठिबक कुठी हाये?" "मंग उलटा दाब अन् हेच बोल फोनमधी." बाईचा हात वळेना. म्हणाली, "उत्तर देणाऱ्याले वाईट वाटीन ना वो." ही म्हणाली, "त्याले काई वाईट वाटत नाई. तिकडं ऑफिसात एक बाई बसते, तिले वाचाले लागते. तिले वाईट वाटलं त मी पाहून घेतो."

मी मागंच उभी होते. तिनं मला पाहिलं आणि ओळखलंही, की मी कशाला आले ते. "चौकशीले आली का?" म्हणाली. मी म्हटलं, हो. "कर मंग," एवढंच बोलून ती पुन्हा त्या बाईकडं वळली. मला लाज वाटली, पण संशय काही लाजेनं मरत नाही. फक्त त्याचं तोंड दुसरीकडं वळलं. ही लाल गावं खरी असतील, तर ती हिरवी गावं काय आहेत?

दुसऱ्या दिवशी मी मंगरूळपीरकडचे सरळ अंगठे उघडले. आजवर ते मी कधी वाचले नव्हते. सरळ अंगठा म्हणजे काम चांगलं, तिथं काय वाचायचं? वाचायला लागले आणि कुठंतरी पाणी मुरतंय हे लगेच कळलं. उत्तर चांगलं फोनभर लांब, आणि पोचल्यावर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अंगठा. मी शिकलेली बाई, मला ते उत्तर वाचायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. मग ह्यांनी वाचलं कधी? मग ताडून पाहायला अनसिंगचे अंगठे काढले. तिथं उत्तर आणि अंगठा यांच्यात वेळ जात होता, कधी संध्याकाळपर्यंत. म्हणजे शेतात जाऊन पाहून मग दाबलेला.

त्यातच एका सकाळी यंत्र बंद पडलं. जो प्रश्न विचारेल त्याला एकच उत्तर: सेवा सध्या बंद आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. अनसिंगकडून त्याखाली उलटे अंगठे आले, आणि एका म्हाताऱ्याचा आवाज: "बंदच ठेवाचं होतं त सुरू कायले केलं?" मंगरूळपीरकडून त्याच उत्तराखाली सरळ अंगठे. एकामागून एक. मी खुर्चीत मागं टेकले आणि कपाळाला हात लावला.

मंगरूळपीरकडची गावं पाहणारा आमचा माणूस गोड बोलणारा आहे. त्याचा मला आधीपासून वहीम होता, गोड बोलणाऱ्या प्रत्येकाचा असतो. मी त्याला बसस्टँडजवळच्या हॉटेलात गाठलं. मला वाटत होतं, हा गावकऱ्यांचे फोन गोळा करून स्वतःच दाबत असणार. मी तसं तोंडावर म्हटलं.

त्याला राग आला नाही, उलट नवल वाटलं. "मॅडम, मी एकबी दाबला नाई, आन घ्या. लोकच दाबतात. आपल्याकडं कसं हाये, गावच्या ग्रुपवर सरपंचाचा मेसेज आला, तलाठ्याचा आला, का आपुन अंगठा देतोच ना? पाह्यलं म्हणून. पोच हाये ते. मोठ्या माणसाचा मेसेज आला अन् अंगठा नाई देल्ला त माजला म्हणतात. मी फक्त एवढं सांगतलं का कंपनीचं उत्तर आलं का पोच देत जा."

म्हणजे चोरी नव्हती. चोरी असती तर मला बरं वाटलं असतं, पकडता आली असती. ही रीत होती. अख्खा हिरवा पट्टा म्हणजे माणसांनी यंत्राला केलेला राम राम, आणि आम्ही त्याला गुण समजून भिंतीवर लावलं होतं. तो बिल भरू लागला, तर मी माझ्या चहाचे पैसे वेगळे ठेवले. संशय अजून पुरता गेला नव्हता.

मार्चमधली बैठक झाली तेव्हा ती अनसिंगवाली कोपऱ्यात बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. साहेबांनी पडदा लावला. मी उठले आणि म्हटलं, साहेब, आधी हे पाहा. सेवा बंद असल्याचं उत्तर दाखवलं, त्याखालचे मंगरूळपीरकडचे सरळ अंगठे दाखवले. मग प्रॉम्प्टमध्ये वर्षभरात घातलेल्या ओळी वाचल्या आणि एकेका ओळीपुढं ती कुठल्या उलट्या अंगठ्यावरून आली ते सांगितलं. सांबार, अनसिंगकडचं. पंप, अनसिंगकडचं. थांबायचं कारण, अनसिंगकडचं. ठिबक नसेल तर काय, अनसिंगकडचं. हिरव्या गावांतून एकही ओळ आली नव्हती. मी म्हटलं, ह्या बाईला काढलं तर यंत्र जिथं आहे तिथंच राहील, आणि पडदा मात्र सुंदर दिसेल.

साहेबांनी ओळींचा कागद माझ्याकडून घेतला आणि वरून खाली वाचला. मग म्हणाले, "ठीक आहे. करार होईल." मी आणखी एक सुचवलं: अंगठा लगेच मागू नका, दुसऱ्या दिवशी विचारा की सांगितलं तसं केलं का आणि उपयोग झाला का. साहेब म्हणाले, "ते नंतर बघू. निधीवाल्यांना अंगठे समजतात." तिचा करार झाला. पडदा भिंतीवर तसाच राहिला.

त्या दिवशी ती मला जिन्यात भेटली. तिनं माझा हात धरला आणि सोडला. मला फार बरं वाटलं, ते का नाही सांगायचं? पोरीची शाळा राहिली होती.

उन्हाळा लागला आणि अनसिंग हळूहळू हिरवं व्हायला लागलं. साहेब खुश. "बघा मॅडम, तुमच्या सुधारणांचा परिणाम." मीही दोन दिवस हवेत होते. मग माझा स्वभाव जागा झाला. इतकं हिरवं? अनसिंग? जिथल्या म्हाताऱ्यानं यंत्राला फैलावर घेतलं होतं, तिथं आता सगळं गोड?

मी अनसिंगचे सरळ अंगठे वाचायला घेतले. त्यात एक सापडला. कीड मारायचं औषध आणि बुरशीचं औषध एकाच पंपात मिसळू का, असं बाईनं विचारलं होतं. यंत्रानं सांगितलं, चालेल. आमच्या कागदांत त्या जोडीबद्दल अक्षरही नाही. जे कागदात नाही ते मिसळा म्हणून सांगायचं नाही, हे प्रॉम्प्टमध्ये असायला हवं होतं, ते नव्हतं. आणि ह्या साफ चुकलेल्या उत्तराखाली सरळ अंगठा.

मी अनसिंगला गेले. ती भाजीबाजारात भेटली, भेंडीचा वाटा करून घेत होती. फोन तिच्यापुढं धरला. "हे चुकलंय, माहीत हाये तुले?"

"माहीत हाये. माह्यासमोरच आलं ते. मी तवाच त्या बाईले म्हटलं, मिसळू नोको, पानं जळतीन. तिनं नाई मिसळलं."

"मग अंगठा सरळ काहून?"

तिनं भेंडी पिशवीत टाकली. "तू वाचवलं मले, ते मी मरेपर्यंत इसरत नाई. पर दरसाली तूच उभी राहशील का? उद्या तुही बदली झाली, साहेब बदलला, मंग? पडदा त भिंतीवर हायेच. बायायले मी तोंडानं बरोबर सांगतो, कोनाचं नुकसान होऊ देत नाई. मशीनले काय सांगाचं ते पडद्याकडं पाहून सांगतो." आणि मग हळू आवाजात, "पोरगी पाचवीत गेली वो."

भांडायला गेलेली मी तशीच परतीच्या बसमध्ये बसले. ऑफिसात पोचल्यावर आधी ओळ घातली: दोन औषधं मिसळण्याबद्दल कागदात स्पष्ट लिहिलं नसेल तर मिसळू नका असंच सांग. जुना संच चालवला, काही बिघडलं नाही, नवा प्रॉम्प्ट सोडला. मग मनात आलं, हेच उत्तर आणखी कुठं गेलं असेल? शोधलं. मंगरूळपीरकडच्या एका गावात गेलं होतं, टमाटरवाल्या एका शेतकऱ्याला. अनसिंगच्या त्या बाईनंतर कितीतरी दिवसांनी. खाली सरळ अंगठा.

मी त्याला फोन लावला. कंपनीतून बोलतेय म्हटल्यावर तो अदबीनं बोलू लागला. विचारलं, ते मिसळून फवारलं का हो?

"हो मॅडम, मिसळलं ना. तुमचंच उत्तर होतं."

"मग? प्लॉट कसा आहे?"

"करपला. शेंडे गेले सगळे. आता तोडा नाई होत त्याचा." मग म्हणाला, "आमचंच काई चुकलं असन. उत्तर त लगेच आलं होतं तुमचं, मी अंगठा देल्ता, पोचला ना?"

"पोचला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? साहेबांना सगळं लिहून दिलं आणि त्या शेतकऱ्याचं काहीतरी करा म्हटलं. ते म्हणाले, बघू. अनसिंगहून त्या उत्तराला वेळेवर उलटा अंगठा आला असता, तर ती ओळ त्याच आठवड्यात पडली असती आणि ह्या माणसाचे टमाटर उभे राहिले असते. हे त्यांना मी लिहिलं नाही.

तिलाही मी हे सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती पोरीला शाळेत सोडून ऑफिसात डोकावते, मला विचारते, "काय म्हणतं तुहं मशीन?" मी म्हणते, बरं आहे. सांगितलं तर ती उद्यापासून पुन्हा खरे अंगठे दाबायला लावेल, तशीच आहे ती. आणि मार्च पुन्हा येणार आहे.